वीस मिनिटं धरून

राजारामने तीस वर्षं मुंबईत टॅक्सी चालवली, आणि त्या तीस वर्षांत तो एकदाही घरी उशिरा आला नाही. वनमालाला याचा मोठा अभिमान होता. फोनवर तो म्हणायचा, "गो, आठाक येतंय," आणि पावणेआठलाच चपला दाराशी वाजायच्या. नाहूरच्या त्यांच्या इमारतीत बायका नवऱ्यांच्या नावाने बोटं मोडत गॅलरीत उभ्या असायच्या, तेव्हा वनमाला आत निवांत भाजी चिरत असायची. वाट बघणं म्हणजे काय, हे तिला या वयापर्यंत कोणी शिकवलंच नव्हतं.

ते शिकायची पाळी आज आली. पहाटे पाचला राजाराम झोपेतच गेला. आता दुपारचे दोन वाजायला आले होते आणि तो हॉलमध्ये बर्फाच्या लाद्यांवर निजला होता. चेहरा शांत होता. सिग्नलवर गाडी बंद करून जरा डोळे मिटावेत, तसा. त्यांची एकुलती लेक रुचिरा बंगलोरहून निघाली होती. बाबाचं तोंड बघितल्याशिवाय त्याला उचलायचं नाही, एवढंच ती फोनवर म्हणाली होती, आणि वनमालाने तिला शब्द दिला होता.

बाकी सगळं लवूच्या हातात होतं. लवू हा राजारामचा धाकटा भाऊ. कंपनी बंद पडल्यापासून तो स्कूटरवरून पार्सलं पोचवायचा. माणूस सरळ, पण घाईचा. एक पन्नासला रुचिराने विमानतळावरून कळवलं की गाडी मिळाली, निघालेय. लवूने लगेच आपल्या फोनवर विमानतळ ते घर असा रस्ता काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "अडतीस मिनटां. अडीचच्या आत येतली." मग त्याने स्मशानात फोन लावून तीनचा नंबर पक्का केला. खाली शववाहिनी येऊन उभी राहिली. जमलेल्या माणसांनी हुश्श केलं, कारण वेळ कळली की दुःखाचंसुद्धा वेळापत्रक होतं.

वनमाला राजारामच्या उशाशी भिंतीला टेकून बसली होती. रडून रडून तिचं डोकं हलकं झालं होतं. पंख्याचा आवाज दूर कुठेतरी वाहत्या रस्त्यासारखा येत होता आणि तिला मधूनच वाटत होतं की आपण टॅक्सीत पुढच्या सीटवर बसलोय, खिडकी उघडी आहे, आणि शेजारी राजाराम एका हाताने गाडी चालवतोय. लग्नानंतर रविवारी तो तिला असाच फिरवायचा. कुठे जायचं ते ठरलेलं नसायचं.

अडीच वाजले. रुचिरा आली नाही.

लवूने तिच्याकडून ती कुठवर आली ते फोनवर मागवलं आणि तिथून पुन्हा रस्ता काढला. ती अजून पवईच्या अलीकडेच होती. "सव्वीस मिनटां," तो म्हणाला, आणि मग जरा चाचरत त्याने विषय काढला. सव्वीस मिनिटांनी निघालो तर तीनचा नंबर चुकणार. त्यापेक्षा आपण खाली उतरवून घेऊ, पोरगी वाटेत गाठेल. एकदोन जणांनी माना डोलावल्या. बर्फ वितळून चादरीखाली पाणी साचलं होतं आणि ते कोणालाच बघवत नव्हतं.

वनमालाच्या मनात मात्र एक साधा हिशेब अडकला. चाळीस मिनिटं गेली आणि वेळ कमी झाली ती फक्त बारा मिनिटांनी? तिने हात पुढे केला आणि लवूचा फोन मागून घेतला.

पडद्यावर पवईपासून गांधीनगरच्या चौकापर्यंतची रेघ लाल होती. मधला तुकडा तर वाळलेल्या कुंकवासारखा काळपट लाल. राजारामने हे रंग तिला कितीतरी वेळा समजावले होते. जेवण झालं की तो फोन घेऊन बसायचा आणि दुसऱ्या कोणाला गाणी आवडावीत तसा रस्त्यांचे रंग बघायचा. रस्त्यावरच्या गाड्यांमधले फोन किती वेगाने सरकतायत त्यावरून हे रंग ठरतात, म्हणायचा. लाल म्हणजे सगळे फोन रांगतायत. पण रंग आत्ताचा असतो, वनू. आपण तिथे पोचेपर्यंत तो बदललेला असतो. आणि वेळ म्हणजे नुसता अंदाज, आजची चाल आणि या वाराची रोजची सवय मिळून केलेला. पुढे कोणाचा टायर फुटणार आहे, हे नकाशाला कुठून ठाऊक असणार?

एवढा लाल रस्ता आणि फक्त सव्वीस मिनिटं? वनमालाने डोळे बारीक केले. वेळेच्या बाजूला चिमुकलं चित्र होतं. ते मोटारीचं नव्हतं.

"भावोजी," ती म्हणाली, "ही स्कूटरची वेळ आहे. रुचिरा मोटारीत आहे."

लवू बघतच राहिला. त्याच्या फोनवर रात्रंदिवस दुचाकीच लावलेली असायची, त्याचं पोटच त्यावर होतं. गाड्यांच्या फटीतून निघणाऱ्या माणसाचं गणित त्याने अडकलेल्या पोरीला लावलं होतं. वनमालाला त्याचा राग आला नाही. सख्ख्या भावाला घरातून न्यायची तयारी करणाऱ्याचं चित्त ठिकाणावर असेलच कसं?

तिने राजारामच्या उशाशेजारचा त्याचा फोन उचलला. त्याचं कुलूप तिला माहीत होतं. तिने नकाशा उघडला. बापलेकींनी एकमेकांना आपली जागा कायमची दिसू दिली होती. रुचिरा बंगलोरला नोकरीला गेली त्या दिवसापासून राजाराम निजण्याआधी तिचा गोल फोटो नकाशावर शोधायचा, तो तिच्या खोलीवर दिसला की दिवा मालवायचा. आज तोच गोल फोटो पवईच्या तलावाच्या निळ्या डागाशेजारी उभा होता, बाबाच्या इतक्या जवळ, आणि बघणारे डोळे मिटलेले होते.

तिथून घरापर्यंतचा रस्ता तिने मागितला. या फोनवर मोटारच होती. चाळीस मिनिटं. पोचायची वेळ तीन तेरा.

लवूने मुकाट्याने पुन्हा स्मशानात फोन केला. तिथल्या माणसाने मागच्या घरच्यांशी बोलून नंबर बदलून दिला, पण अट घातली. चारचा नंबर, तोही चुकला तर थेट संध्याकाळी सात. सूर्य मावळल्यावर न्यायचं नाही असं घरातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं होतं, म्हणजे रात्रभर पुन्हा बर्फ. तीन चाळीसला निघायलाच हवं, असं लवूने सगळ्यांना बजावलं.

मग वनमाला फोन मांडीवर घेऊन बसली. माणसं बोलत होती, कोणीतरी चहाचा पेला पुढे सरकवला, पण ती तिथे नव्हतीच. ती त्या रेघेवरून चालली होती. तलाव मागे पडला. एका बाजूला मेट्रोच्या कामाचे पत्रे, दुसऱ्या बाजूला चढाव. स्टिअरिंगवर राजारामचे हात, अंगठ्याने हळू ताल धरलेला. मागच्या सीटवर शाळेचा गणवेश घातलेली रुचिरा झोपली आहे. घाई कोणालाच नाही. लाल तुकडा ओलांडला की केशरी, केशरी संपला की निळा, आणि निळ्याच्या टोकाला आपलं घर. हा रस्ता कधी संपूच नये, असं तिला वाटलं, आणि लगेच तिने स्वतःला चिमटा काढला. पोर आलीच पाहिजे.

पण तीन तेरा काही हातात राहिना. तिची तीन सोळा झाली, मग वीस, मग चोवीस. गांधीनगरला ट्रक बंद पडला होता, ते नकाशाला आत्ता कुठे कळलं होतं. मिनिटामागे मिनिट पुढे पळत होतं. वनमालाचा जीव टांगणीला लागला. तीस वर्षं इमारतीतल्या सगळ्या बायका हेच सोसत होत्या आणि आपण आत भाजी चिरत होतो, या विचाराने तिला अपराधी वाटलं.

सव्वातीनला फोन वाजला. रुचिराचा आवाज बसला होता.

"आई, ट्रकच्या पुढे आले. स्क्रीन तीन सत्तावीस म्हणतेय. पण तू पावणेचार धर."

"पावणेचार?" वनमालाने घड्याळाकडे पाहिलं. "अगं, तीन चाळीसला निघायचंय. सत्तावीस दाखवतंय ना?"

"बाबा तसंच करायचे ना गं. स्क्रीनवर असेल त्यात, आणि स्क्रीन नव्हती तेव्हा अंदाजात, वीस मिनिटं घालायची आणि मग आईला सांगायचं. मला पण तसंच करायला लावायचे. म्हणायचे, म्हणजे आईला वाट बघायला लागत नाही."

तीस वर्षं वनमाला शेजारणींना सांगत आली होती की आमचे हे वाऱ्यासारखी गाडी हाणतात, म्हणून लवकर येतात. आणि वर त्याला रागवायची, की जपून चालवा, घाई कसली. तो हसायचा आणि पानावर बसायचा. एकदाही म्हणाला नाही, की मी घाई करत नाही गो, मी तुला उशिराची वेळ सांगतो.

फोन ठेवताच लवूने विचारलं, पोरगी काय म्हणते? आजूबाजूच्या माणसांनी माना वळवल्या. पावणेचार म्हटलं तर सगळे आत्ताच उठणार, हे तिला दिसत होतं. तिने राजारामकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर बर्फाच्या गारव्याने दव धरलं होतं, ते तिने पदराने टिपलं.

"पावणेचार म्हणाली," वनमाला म्हणाली. "म्हणजे साडेतीनच्या आत येईल. तोवर कोणी हात लावायचा नाही."

तिचा स्वर ऐकून लवू तिथेच खाली बसला. त्याने आपला फोन बंद करून खिशात टाकला.

वनमालाने मात्र राजारामचा फोन उलटा करून त्याच्या हाताशी ठेवला. आता तिला रंग बघायचे नव्हते. ती पुन्हा टॅक्सीत जाऊन बसली. खिडकीतून भांडुप मागे जात होतं, वारा तोंडावर येत होता आणि तिला ठाऊक होतं की सांगितलेल्या वेळेच्या आधीच आपण पोचणार.

तीन एकोणतीसला जिन्यात चपला वाजल्या. बॅग खालीच टाकून कोणीतरी पळत येत होतं. दारातल्या माणसांनी वाट करून दिली.

वनमाला राजारामच्या कानाशी वाकली. "अहो," ती हळूच म्हणाली, "आली बघा. लवकर आली."