आतल्या खोलीतलं नेट

शांतवन सरांच्या घरून चौथी तक्रार आली तेव्हा मी पारनेरच्या बाजारतळाजवळ शिडी लावून खांबावर होतो. फोन छगनशेठचा. इंटरनेटची लाईन त्यांची आणि ती घरोघर फिरून सांभाळणारा माणूस मी.

"इम्रान, त्ये मास्तर परत बोंबलायलेत. आज तीनला पोरीची मुलाखत हाय म्हनं. हातातलं सोड आन जा."

माझं डोकंच फिरलं. आठवड्यात तीनदा जाऊन आलो होतो त्या घरी. पहिल्यांदा वायर बदलली, दुसऱ्यांदा राउटर बदलला, तिसऱ्यांदा खांबावरच्या डबीपासून सगळे जोड पुन्हा केले. दर वेळी राउटरपाशी उभं राहून माझ्या फोनवर स्पीड काढून दाखवला. काटा शंभरला टेकत होता. आणखी काय करायचं माणसानं? नारळ फोडायचा?

सरांनी आम्हाला आठवीला गणित शिकवलं होतं. उत्तर बरोबर आलं तरी पायऱ्या नसल्या की शून्य मार्क द्यायचे. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण दार उघडताना चेहरा तोच.

"या इंजिनियर," सर म्हणाले.

मागं सरांच्या पत्नी फिलोमिनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांची मुलगी जॉय. जॉय माझ्याच वर्गातली. पुण्यात चार वर्षं नर्स म्हणून काम करून आता आयर्लंडच्या एका हॉस्पिटलसाठी धडपडत होती. मंगळवारी तिची फोनवर व्हिडिओ मुलाखत झाली, म्हणजे झालीच नाही.

"पेशंटचा बीपी एकदम खाली गेला तर काय करशील, असं विचारलं त्यांनी," जॉय म्हणाली. "मी सगळं सांगितलं. त्यांना फक्त माझं उघडं तोंड दिसत होतं, अडकलेलं. असं तीन वेळा झालं. मग म्हणाले, गुरुवारी शेवटची संधी देतो."

ती ओरडली असती तर मी उलट बोललो असतो. ती ओरडली नाही, म्हणून जास्तच लाज वाटली. आणि लाज वाटली की मला राग येतो.

"सर, लाईन चोख हाय," मी म्हणालो. "तिचा फोनच खराब आसंल."

"तू कुठं उभा राहून बघतोस?"

"राउटरपाशी."

"आणि ती कुठं बसते?"

राउटर पुढच्या खोलीत. पुढच्या खोलीला लागूनच पिठाची गिरणी, तिच्या घरघरीत मुलाखत कशी देणार? जॉय बसायची आतल्या खोलीत, मध्ये दीड हात जाडीची दगडी भिंत.

"मग आत जा. आणि फोन तिचा घे, तुझा नको. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वाजलेत दीड."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. आठ वर्षं झाली मला या कामात! पण मुकाट्यानं आत गेलो. जॉयच्या फोनवरून सरांना व्हिडिओ कॉल लावला. ते बाहेर राउटरपाशी बसले, मी आत खुर्चीवर. दोन मिनिटं झकास चाललं. तिसऱ्या मिनिटाला सरांचा चेहरा थिजला. आवाज तुटला, गोल चक्र फिरायला लागलं. दहा-बारा सेकंदांनी सर परत हलले. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

"वर कोपऱ्यात बघ," जॉय माझ्या खांद्यावरून म्हणाली. "तो वायफायचा पंखा गेला बघ."

खरंच गेला होता. त्या जागी फोर-जी आलं होतं, रेंजची एकच काडी. मग पंखा परत आला आणि चित्र पुन्हा अडकलं.

"आता एक बदल कर," भिंतीपलीकडून सर ओरडले.

मी फोनचा मोबाईल डेटा बंद केला. आता फोनला वायफायशिवाय दुसरी वाटच नव्हती. कॉल परत लावला. पंखा अर्धाच भरलेला, तरी पाच मिनिटं झाली, दहा झाली, सर एकदाही थिजले नाहीत. डेटा चालू केला, चौथ्या मिनिटाला चक्र.

मग मला कळलं. आत वायफाय कमी होतं, पण कॉलला पुरेसं होतं. फोनला मात्र ते कच्चं वाटत होतं, म्हणून तो उडी मारून डेटावर जात होता. तिथली रेंज त्याहून भिकार. दर उडीला चालू कॉलची जुनी जोडणी तुटायची आणि नवी जुळेपर्यंत सगळं थांबायचं. मग वायफाय बरं वाटलं की उलटी उडी.

सेटिंग उघडलं. वायफाय, त्यात खाली स्मार्ट नेटवर्क स्विच, फोनला या उड्या मारू देणारं बटण. चालू.

"हे मी कधीच चालू केलं नाही," जॉय म्हणाली.

तिनं नव्हतंच केलं. महिन्यापूर्वी लाईन जोडायला आलो तेव्हा पासवर्ड टाकायला म्हणून तिचा फोन मीच हातात घेतला होता. मी सगळ्यांचाच घेतो आणि जाता जाता ते बटण चालू करून ठेवतो. का? तर आमची लाईन पडली की फोन गुपचूप डेटावर जातो. गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही, तक्रार येत नाही, छगनशेठ खूश. माझी हुशारी होती ती. या हुशारीची मला घमेंडही होती.

मी बटण बंद केलं. सर दारात येऊन उभे होते.

"सापडलं?"

"व्हय सर. आता फोन वायफाय सोडनार न्हाई."

"कोणी चालू केलं होतं ते?"

कंपनीकडूनच चालू येतं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. कुणाला कळणार होतं? जॉय माझ्याकडे बघत होती. तिचा मंगळवार मी खाल्ला होता.

"मीच," मी म्हणालो, आणि का ते सगळं सांगितलं.

फिलोमिनाबाईंनी कपाळाला हात लावला. सरांनी घड्याळाकडे बघितलं.

"पन आता लाईन पडली तर फोन आपोआप डेटावर जानार न्हाई," मी म्हणालो. "म्हनून मी खांबापाशी थांबतो. काय झालंच तर तिथंच हाय."

तीन ते पावणेचार मी त्या खांबाखाली उन्हात उभा होतो. छगनशेठचे तीन फोन आले, उचलले नाहीत. मग जॉय बाहेर आली.

"एकदाही अडकला नाही," ती म्हणाली. "बीपीचाच प्रश्न परत विचारला. या वेळी शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी." तिचे डोळे भरून आले होते. निकाल ईमेलनं यायचा होता, पण आता तो तिच्या उत्तरांवर लागणार होता.

सर वही आणि पेन घेऊन आले. "अशी किती घरं?"

"साठेक आसतील."

"नावं लिही. माझ्यासमोर."

मी पायरीवर बसलो. पहिलं नाव लिहायला पेन टेकवलं आणि हात थांबला. दोन महिने माझी अम्मी सांगत होती की सोलापूरला दिलेल्या कैनातशी, माझ्या बहिणीशी बोलताना मध्येच तिचा चेहरा थिजतो, नातवाचं बोलणं अर्धंच ऐकू येतं. मी दर वेळी तिच्यावरच खेकसत होतो, तुझा फोन जुना झालाय, तुला धरता येत नाही.

मी पहिलं नाव अम्मीचं लिहिलं, शरिफा, आणि माझा चेहरा सरांना दिसू नये म्हणून मान खाली घातली.