आमच्याच गिझरची दुरुस्ती

ऐंशी हजारांच्या डिपॉझिटपैकी बेचाळीस हजार तीनशे खात्यात आले आणि मागोमाग घरमालकांची यादी आली. रंगकाम चोवीस हजार, साफसफाई साडेचार हजार, गिझर दुरुस्ती तीन हजार आठशे, खिडकीची काच सतराशे, नळ बाराशे, किरकोळ अडीच हजार. एकूण कपात सदतीस हजार सातशे. बेरीज अगदी बरोबर होती. आयुष्यभर दुसऱ्यांची बिलं तपासून निवृत्त झालेला माणूस बेरजेत कशाला चुकेल?

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सासऱ्यांच्या कानाचं मशीन याच पैशांतून घ्यायचं ठरलं होतं. दुकानदाराने महिनाअखेरपर्यंत ते जुन्या भावात द्यायचं कबूल केलं होतं. मामंजी एकेकाळी घरात सगळ्यांत जास्त बोलणारे. अलीकडे जेवताना ताटाकडे बघून नुसते हसायचे, कारण काय चाललंय ते त्यांना ऐकूच यायचं नाही. ते हसू मला बघवत नव्हतं.

नवरा म्हणाला, जाऊ दे, मोठ्या माणसाशी कुठे भांडायचं. हे वाक्य तो रिक्षावाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांसाठी वापरतो. मी करारनामा काढला आणि पत्र लिहायला बसले.

रागाने लिहिलेला पहिला कागद फाडला. दुसऱ्यात एकेका कलमाला उत्तर दिलं. काच आमच्या मुलीने फोडली, सतराशे मान्य. रंग मात्र चार वर्षांत आपोआपच फिका होतो. नेहमीच्या वापरातली झीज भाडेकरूच्या माथी मारायची नाही, असं तुमच्याच करारातलं नववं कलम सांगतं. झोपायच्या खोलीतल्या एका भिंतीला आम्ही भोकं पाडली होती, तेवढ्या भिंतीचे चोवीसशे मान्य, रंगाऱ्याचा दर सोबत जोडला आहे. नळ वापरूनच झिजला. घर झाडून-पुसून दिलं त्या दिवशीचे फोटो जोडले आहेत, साफसफाईचं बिल असेल तर दाखवा. किरकोळ म्हणजे नक्की काय, तेही कळवा. मान्य रक्कम चार हजार शंभर. उरलेले तेहेतीस हजार सहाशे पंधरा दिवसांत द्यावेत, नाहीतर नाइलाजाने वकिलामार्फत कळवावं लागेल.

गिझरवर मात्र मी बराच वेळ हात थांबवून बसले होते, कारण हसू आवरत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचा गिझर जळाला, तेव्हा आम्ही आठ हजारांचा स्वतःचा बसवला. सामान हलवायच्या गडबडीत तो भिंतीवरच राहिला. मालकांनी घरभर फिरून जे जुनं दिसलं ते यादीत घातलं. यादी जितकी लांब तितका समोरचा गप्प बसतो, असा त्यांचा नोकरीतला अनुभव असावा. मी लिहिलं: गिझर आमचा आहे, पावती जोडली आहे. काढून द्यावा, नाहीतर निम्म्या किमतीचे चार हजार वेगळे द्यावेत.

पत्र रजिस्टर पोस्टाने गेलं. चार दिवसांनी बोलावणं आलं. नवरा माझ्यामागे अर्धं पाऊल राहून चालत होता.

मालकांनी चष्मा लावून पत्र पुन्हा वाचलं. रंगाचं महागलेलं सामान, मजुरांचे नखरे, आजकालचे भाडेकरू, सगळं सांगून झालं. मी बिलं मागितली. बिलं नव्हती. शेवटी गिझरवर येऊन ते ताठ बसले आणि म्हणाले, पावती कुणीही आणेल, गिझर माझ्या घरात आहे म्हणजे माझाच.

चहाचे कप उचलत मालकीणकाकू शांतपणे म्हणाल्या, "आपला जळला तेव्हा नवा आणायला मी तुमच्या मागे महिनाभर लागले होते. आणला नाहीत. शेवटी या पोरीने आणला. आता तिच्याच गिझरची दुरुस्ती तिच्याकडून घेताय होय?"

मालकांचा चेहरा पडला. आयुष्यभर लोकांच्या चुकांवर लाल रेघ मारणाऱ्याला बायकोने घरात पकडलं होतं. त्यांनी मुकाट्याने चेकबुक काढलं. गिझर काढायला प्लंबर लागेल, त्यापेक्षा चार हजार बरे, असं स्वतःशीच पुटपुटले आणि सदतीस हजार सहाशेचा चेक लिहिला. कापले होते त्याहून फक्त शंभर रुपये कमी. मला इतका आनंद झाला की जिन्यात मी चेक नवऱ्याच्या नाकासमोर नाचवला. ते शंभर रुपये मी त्यांना मनातल्या मनात चहाचे म्हणून सोडून दिले.

चेक वटला त्याच दिवशी आम्ही मामंजींना दुकानात नेलं. घरी आल्यावर मी त्यांना मालकांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, नक्कल करून, सगळी कलमं म्हणून. ते कानातल्या नव्या मशीनला हात लावून ऐकत होते आणि योग्य त्या जागी खोखो हसत होते. मग म्हणाले, "सूनबाई, तुझा आवाज एवढा मोठा आहे होय?"

"आहे," मी म्हटलं. "म्हणून तर आज तुम्हाला ऐकू येतोय."

मग ते बोलायला लागले. जेवणं झाली, ताटं सुकली, तरी त्यांचं बोलणं थांबेना, आणि मध्ये बोलायची कुणाला संधीच मिळेना.