मिटलेला त्रिकोण

माझ्या त्रिकोणांचा मला माज होता. बेळगावच्या कॅम्पात आम्हा सर्वेवाल्यांत पैज लागायची, कोणाचा त्रिकोण लहान. आमचे वरिष्ठ उपेंद्रराव भिंग लावून कागद बघत आणि माझ्या कागदावर म्हणत, "श्रीपाद, इथं काही दिसतच नाही रे." मी फुगायचो.

काम असं. अनोळखी जागी तिवईवर नकाशाची फळी मांडायची आणि होकायंत्रानं ती दिशेला लावायची. मग ओळखीच्या तीन डोंगरांकडे पट्टीनं नेम धरून नकाशावरच्या त्यांच्या टिंबांतून मागे रेघा ओढायच्या. फळी अचूक लागली असेल तर तिन्ही रेघा एका टिंबात मिळतात, तीच आपली जागा. नसेल तर मधे त्रिकोण उरतो. मग फळी थोडी फिरवायची, पुन्हा रेघा, पुन्हा त्रिकोण, तो मिटेपर्यंत.

त्रेचाळीस साली कणकुंबीच्या रानात पलटणीच्या तोफांचा सराव ठरला. तोफ नकाशावर नेमकी कुठं उभी आहे ते मी सांगायचं, त्यावरून गोळे समोरच्या ओसाड उतारावर टाकायचे. उताराच्या चौफेर धोक्याची लाईन आखली होती. आतल्या वाड्या उठवल्या. फळी-तिवई वाहणारा माझा खलाशी रवळू जिथला, ती वाडी लाईनीच्या जेमतेम बाहेर होती.

"साहेब, आईला उठवू का थोडं दिस?" रवळूनं विचारलं. "लायनीला लागूनच हाय आमचं."

"लाईनीबाहेर म्हणजे बाहेर," मी म्हटलं. "माझ्यावर भरवसा नाही का तुझा?"

"तुमच्यावर न्हाय तर कुणावर."

तोफा आणि लॉऱ्या शेजारीच उभ्या. एवढ्या लोखंडाजवळ होकायंत्राची सुई नीट राहत नाही, हे मला ठाऊक होतं. पण फळी चुकली तर त्रिकोण सांगेलच, म्हणून मी निर्धास्त. तीन रेघा ओढल्या आणि पहिल्याच फटक्यात त्रिकोण गायब. मी स्वतःवरच खूष झालो. तेवढ्यात रवळूचं कोपर लागलं आणि फळी दोनेक अंश फिरली. मी खेकसलो, आणि आता त्रिकोण फुटणारच म्हणून रेघा पुन्हा ओढल्या. त्या पुन्हा एकाच टिंबात मिळाल्या.

"साहेब, टिंब सरकलं की," रवळू म्हणाला.

सरकलं होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. आमच्या नकाशावर इंचाला मैल, म्हणजे तो दाणा अडीचशे यार्डांचा. फळी फिरवली, जागा पळाली आणि त्रिकोण तरी मिटलेलाच, हे कसं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडताळ्याचा चौथा डोंगर ढगात होता. तासभर थांबलो असतो तर दिसला असता. मी जुनं टिंब खोडलं, नवं ठेवलं. "त्रिकोण मिटलाय, काम झालं," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तिसरा गोळा वाडीवर पडला. रवळूची आई, नागुबाई, दारात भात पाखडत होती.

चौकशीच्या दिवशी उपेंद्ररावांनी माझा कागद पसरला. भिंग घेतलंच नाही. कंपास घेऊन तिन्ही डोंगरांतून जाणारं एक वर्तुळ काढलं. माझं टिंब बरोबर त्या वर्तुळावर होतं.

"शिकवलं होतं ना तुला?" ते हळू म्हणाले. "या वर्तुळावर उभं राहिलं की फळी कशीही लाव, रेघा मिळतातच. टिंब नुसतं वर्तुळावरून पळत राहतं. त्रिकोण नाही म्हणजे चूक नाही, असं इथं म्हणता येत नाही. टिंब किती पळालं ते बघायचं, चौथी रेघ ओढायची."

शिकवलं होतं. मी परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. आधीची लोखंडाची चूक आणि वरून कोपराची, दोन्ही एकाच बाजूला पडल्या. जागा चुकली, दिशा चुकली, आणि कागद मात्र स्वच्छ.

दोष द्यायला साहेबलोकांना खलाशाचं कोपर पसंत पडलं. मी लेखी दिलं की धक्का मी पाहिला होता आणि टिंब सरकल्याचं रवळूनंच सांगितलं होतं. माझी नोकरी गेली. त्याचं मला काही वाटलं नाही.

रवळूला सांगायला कणकुंबीला गेलो. तो अंगणात बसला होता. मी सगळं सांगितलं. तुझी चूक नाही, असं दोनदा म्हणालो.

"आई निघालीती, साहेब," मग तो म्हणाला. "गठुडं बांधून भैणीकडं निघालीती. नदीपातूर गेलती. मीच पळत जाऊन माघारी आणली तिला. म्हणलं, आमच्या साहेबांचं कधी चुकत न्हाय."