उजव्या डोळ्याचं औषध

शांताकाकूंनी तो कागद माझ्या टेबलावर पसरला आणि हाताने सारखा केला. घड्या पडलेला पातळ कागद होता, सगळा अरबीत. इंग्रजी भाग घडीवर फाटून कधीच हरवला होता.

"नीलाताई, तू मस्कतला औषधांच्या दुकानात होतीस ना? मग वाच आणि मला खरं सांग. पुढच्या सोमवारी ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय."

काका, म्हणजे चांगदेव, आमच्या कळव्याच्या सोसायटीत दोन मजले वर राहतात. उजव्या डोळ्यात काचबिंदू आहे. मुलगी प्रीती ओमानमधल्या सलालाला नर्स आहे. दिवाळीत तिने तिथून येणाऱ्या एकाबरोबर थेंबांच्या सहा बाटल्या पाठवल्या होत्या. वजन कमी व्हावं म्हणून खोकी काढून टाकली होती, आतला हा एक माहितीचा कागद तेवढा बरोबर आला होता. डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव पाहून औषध बरोबर आहे म्हटलं होतं, पण डोळ्यातला दाब वाढतच होता. थेंब लागू पडत नसतील तर ऑपरेशन, असं ठरलं.

"प्रीतीलाच विचारायचं ना, काकू."

"ह्यांनी शपथ घातलीय. ऑपरेशन म्हटलं की पोरगी नोकरी टाकून येईल म्हणतात."

मी वाचू लागले. अरबी बोलताना मी अडखळते, पण औषधांच्या कागदावरची वाक्यं ठरलेली असतात. 'कतरा वाहिदा', एक थेंब. 'मसाअन', संध्याकाळी. दुसरे थेंब घालायचे असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या. पुढे दुष्परिणाम: बुबुळाचा रंग गडद होऊ शकतो, पापण्या लांब आणि दाट होऊ शकतात.

काकू हसल्या. "तरीच. एकाच डोळ्याच्या पापण्या नटीसारख्या झाल्यात. मी म्हटलं, ह्या वयात कोणासाठी?"

म्हणजे औषध डोळ्यात जात होतं, आणि निदान सुरुवातीला तरी काम करत होतं. मी शेवटचा भाग हळू वाचला. न उघडलेली बाटली 'थल्लाजा'मध्ये, म्हणजे फ्रिजमध्ये, दोन ते आठ अंशांवर. उघडल्यावर पंचवीस अंशांच्या आत. आणि उघडल्यापासून चार आठवड्यांनी, थेंब उरले असले तरी, टाकून द्यायची.

"काकू, बाटल्या ठेवल्यात कुठे?"

त्या उठल्या आणि मला वर घेऊन गेल्या.

काकांनी लोखंडी कपाट उघडलं. आतल्या लॉकरमध्ये प्रीतीची सर्टिफिकेटं, खजुराचा डबा आणि बाटल्या. कपाटाला लागून पश्चिमेची भिंत होती. दुपारचं ऊन तिच्यावरच येत असे. एप्रिल संपत आला होता. मी पत्र्याला हात लावला आणि काढून घेतला.

"फ्रिजमध्ये का नाही ठेवल्या, काका?"

"फ्रिजमध्ये हिची मासळी. डोळ्यांचं औषध बोंबलांशेजारी ठेवायचं? पोरीने पाठवलेलं?"

"आणि ही बाटली कधी उघडली?"

"होळीच्या आधी. अर्धी आहे अजून. एकाच डोळ्याला लागते, म्हणून पुरते." त्यांच्या आवाजात समाधान होतं.

मी कागदावरचा तो आकडा दाखवला. "इथे पंचवीस लिहिलंय. अरबीत हा गोल म्हणजे शून्य नाही, पाच. आणि इथे लिहिलंय, चार आठवड्यांनी टाका."

"शिल्लक असली तरी?"

"असली तरी. आणि ह्या बंद बाटल्यासुद्धा उन्हाने बिघडल्या असतील. म्हणूनच दाब वाढला असं मी ठामपणे सांगू शकत नाही. पण डॉक्टरांना हे माहीत हवं. त्यांना वाटतंय की तुम्ही चांगलं औषध घालताय."

काका कपाटापाशीच बसले. "सगळं वाया घालवलं म्हणायचं मी."

"तुम्ही जपून ठेवलं," काकू म्हणाल्या. "जपायची जागा चुकली, एवढंच. आता पोरीला फोन लावा, नाहीतर मी लावते."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं, त्याच औषधाची ठाण्यातून ताजी बाटली आणायला सांगितली आणि ऑपरेशन पुढे ढकललं. दर आठवड्याला दाब मोजायचा, वाढला तर लगेच ऑपरेशन. तो वाढला नाही. महिनाभरात उतरला. तूर्त ऑपरेशन नको, असं त्यांनी लिहून दिलं.

त्या संध्याकाळी काकांनी मला बोलावलं. टेबलावर फोन उभा होता आणि त्यात गणवेशातली प्रीती. चार आठवडे पुरे झाले होते. काकांनी बाटली दिव्यासमोर धरली.

"अजून आहे गं त्यात."

"असू द्या, बाबा. टाका."

"ही तर तू पाठवलेलीही नाही, मग मला एवढं का लागतंय?"

"तुम्हाला काहीच टाकवत नाही, म्हणून," प्रीती म्हणाली. "टाका. मी बघतेय."

काकांनी ती डब्यात टाकली. काकूंनी फ्रिजमधून नवी काढली, तिच्यावर पेनाने तारीख घातली आणि काकांची हनुवटी वर केली.

"हलू नका," त्या म्हणाल्या. "पोरगी बघतेय."