हरवलेले दोन युनिट

आर्णीकडच्या डोंगरावर तलाव, पायथ्याशी दुसरा. वीज उरली की पंपानं पाणी वर चढवायचं, गरज पडली की खाली सोडून वीज काढायची. शंभर युनिट खर्चून चढवलं की अठ्ठ्याहत्तर परत येणार, बाकीचे पंप, पाइप, टर्बाइन खाणार, हे करारात लेखी होतं. येत होते शहात्तर.

"दोन युनिट शोध, नाही तर महिनाअखेर घरी बस," मुख्य इंजिनिअर गुल्हाने साहेबांनी रंजिता राठोडला सुनावलं. कंत्राटावरची पोर, तांड्यातली पहिली इंजिनिअर. घरी बसायला शिकली होती का ती?

तिनं पाणी चढवून लगेच सोडलं, अठ्ठ्याहत्तर आले. बारा तास वर ठेवून सोडलं, शहात्तर. म्हणजे मशीन चोख. वरचा तलावच गळत होता, चढवलेल्या पाण्याच्या शंभर भागांतले अडीच जमिनीत मुरत होते, म्हणजे अठ्ठ्याहत्तर युनिटांतले दोन. कुठं जातं ते कळावं म्हणून तिनं तलावात बिनविषारी रंग टाकला. साध्या डोळ्याला दिसत नाही, निळ्या दिव्याखाली हिरवा चमकतो.

आठ-दहा दिवसांनी आईचा, रुक्माबाईचा, फोन आला. तांडा डोंगराच्या पायथ्याशीच.

"बाई, भर एप्रिलात आपली विहीर काठोकाठ! जगदंबा पावली वं. वांगे लावले, मिरची लावली. शेजारच्या बसंतीबाईची बी विहीर भरली."

रंजिताला आधी आनंद झाला. सापडलं! मग आईची वांगी-मिरची आठवली. पण तोंडातून निघालं ते असं, "याडी, एक बाटली पाणी भरून आणतं का?"

"कायले?"

"साहेबांले दाखवाचं हाये."

लेकीच्या साहेबांना पाणी न्यायचं म्हणून म्हातारीनं बाटली राखेनं तीनदा घासली. उन्हात डोंगराला वळसा घालून तीन कोस चालत आली, नवी घेरदार फेटिया नेसून. "प्या साहेब, लय गोड हाये," म्हणाली. साहेबांनी बाटली दिव्याखाली धरली. पाणी हिरवंगार चमकलं.

"शाब्बास रंजिता!" साहेब म्हणाले. "शाब्बास रंजिता!" म्हातारीही म्हणाली, काही न कळता, आणि हसली. अहवालावर सही रंजितानंच केली, विहिरीच्या नावानिशी.

तलावाचा तळ नव्यानं अस्तर लावून बंद केला. पुढच्या चाचणीला अठ्ठ्याहत्तर आले. पेढे वाटले, रंजिता कायम झाली.

पंधरवड्यानं आईचा फोन आला. वांगी माना टाकून बसली होती, विहिरीचा तळ उघडा पडला होता. बसंतीबाई म्हणत होती, कोणाची तरी नजर लागली.

"तू येवढी शिकली बाई," आई म्हणाली, "जरा पाहून सांग ना, पाणी कुठं गेलं."

"पाहतो याडी," रंजिता म्हणाली.