अक्का म्हणणारी

लातूरच्या त्या कोचिंग क्लासमध्ये उर्वी चौकशीच्या खिडकीवर बसायची. वडील बँकेत, आई शाळेत. घरात सगळे पुस्तकी बोलणारे. पण उर्वीची जीभ गोड होती आणि क्लासचे मालक मार्तंड सर तिला त्याच जिभेसाठी पगार देत होते. भूकंपाला दहा वर्षं होऊन गेली होती. जिल्ह्याचं नाव आता पडक्या घरांसाठी नाही, तर गुणवत्ता यादीसाठी घेतलं जाई. जूनमध्ये तर नांदेड, कंधार, देवणी, थेट किनवटहून पालक मुलांना घेऊन येत आणि कुठल्या क्लासच्या पायऱ्या चढाव्यात या विचारात रस्त्यावरच उभे राहत.

"पहिली हाक आपली पाहिजे," सर म्हणायचे. "गाडीतून उतरला तर सर, मॅडम. एसटीतून उतरला तर काका, ताई. परक्या गावात आलेल्या माणसाला कुणीतरी आपलं म्हणावं एवढंच हवं असतं."

उर्वी यात लवकर तयार झाली. चाळिशीच्या माणसाचे केस रंगवलेले असतील तर त्याला काका म्हणायचं नाही, दादा म्हणायचं. मुलीबरोबर आलेल्या तरुण आईला काकू म्हटलं की तिचा चेहरा पडतो, ताई म्हटलं की खुलतो. मावशी हा शब्द जपून. क्लासमध्ये झाडू मारणारीलाही सगळे मावशीच म्हणत, आणि येणाऱ्या बायकांना ते बरोबर कळायचं. एकदाच ती चुकली. पोरीसाठी चौकशी करायला आलेल्या खाजामियाँना ती लाघवीपणे म्हणाली, "या चाचा, बसा."

ते बसले, पण हसले नाहीत. "माझ्या आधी आले ते काका झाले. मीच चाचा कसा काय? दाढी बघून?"

उर्वीनं सॉरी म्हटलं आणि गोष्ट विसरून गेली.

त्याच आठवड्यात गुरम्मा आली. औसा तालुक्यातल्या खेड्यातली, चाळिशीची बाई. बरोबर दहावीत चांगले मार्क मिळवलेली मुलगी, उमा. दारात चपला काढाव्यात की नाही याच विचारात दोघी उभ्या होत्या. मुलीला काहीतरी सांगताना गुरम्मानं दोन शब्द कानडीत टाकले. उर्वीनं ते हेरलं. त्या पट्ट्यात थोरल्या बहिणीला काय म्हणतात हे तिला ठाऊक होतं.

"अक्का, चपला राहू द्या. या की आत. किती उन्हाचं आलात!"

गुरम्मा जागच्या जागी थांबली. उर्वीकडे एकटक बघत राहिली.

"काय म्हणलीस ग?"

"अक्का म्हटलं. चालेल ना? मला धाकटी बहीणच समजा. उमाची काळजी माझ्यावर."

गुरम्मा दुसऱ्या कुठल्याही क्लासची पायरी चढली नाही. उमाचा प्रवेश त्याच दिवशी झाला. जाताना तिनं उर्वीच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. सर आतल्या काचेतून बघत होते. संध्याकाळी म्हणाले, "काय जादू करतेस ग!"

पण पुढं गुरम्मा ते नातं खरंच धरून बसली. वरच्या मजल्यावरच्या हॉस्टेलवर उमासाठी डबा आणला की दुसरा डबा खिडकीवर ठेवी. शेंगाची चटणी, ज्वारीच्या कडक भाकरी. गावातल्या दुकानातून फोन करी आणि उचलेल त्याला सांगे, "माझ्या बहिणीला द्या की जरा." ऑफिसातली बाकीची मंडळी हसायची. "उर्वी, तुझ्या अक्काचा फोन!" उर्वीही हसायची. घरी डबा उघडल्यावर आईनं विचारलं, "कुणी दिला?" तेव्हा ती म्हणाली, "आहे एक पालक."

डिसेंबरात चाचणी झाली आणि उमाची खालच्या बॅचमध्ये बदली झाली. दोन दिवसांनी भर दुपारी गुरम्मा आली. खिडकीसमोर नांदेडचं एक डॉक्टर जोडपं बसलं होतं. मार्तंड सर स्वतः बाहेर येऊन त्यांच्याशी बोलत होते. गुरम्मा सरळ खिडकीपाशी आली.

"उर्वे, पोरगी फोनवर नुसती रडायली ग. जेवत बी न्हाई म्हणं. जरा बोलीव तिला."

डॉक्टरीणबाईंनी वळून पाहिलं. सरांनीही पाहिलं. ते 'उर्वे', ते 'ग', खिडकीच्या आत आलेला तो मातीत राबलेला हात. उर्वीला एकदम कानकोंडं झालं. ती खुर्चीत ताठ बसली.

"मॅडम, भेटायची वेळ रविवारी असते. तुम्ही प्लीज बाहेर थांबा."

गुरम्मानं मागं वळून पाहिलं. आपल्या मागं कोण मॅडम उभी आहे ते तिनं पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

"मला म्हणलीस?"

"हो, मॅडम. सगळ्यांना तोच नियम आहे."

गुरम्मानं खिडकीतला हात काढून घेतला, पदर डोक्यावर नीट घेतला आणि पायऱ्या उतरून गेली.

"कोण होत्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पालक आहेत," उर्वी म्हणाली.

जोडपं गेल्यावर सर म्हणाले, "छान सांभाळलंस. अशा वेळी अंतर ठेवता आलं पाहिजे." ती शाबासकी ऐकून उर्वीला शरमेनं घेरलं. बाई मागं वळून पाहते आहे, हे तिच्या डोळ्यांपुढून हलेना. उमाला बोलावून आणायला फार तर चार जिने चढावे लागले असते. तिनं डोकं दुखतंय असं सांगितलं आणि स्कूटी काढून बसस्टँड गाठलं.

औसा, निलंग्याच्या गाड्या लागतात तिथं तोबा गर्दी होती. उर्वीनं हाक मारली, "अक्का!" तीन-चार बायकांनी एकदम माना वळवल्या. तिला दुसरं नाव घ्यायचं होतं, पण नावच ठाऊक नव्हतं. सहा महिने जिच्या हातची चटणी खाल्ली तिचं नाव तिनं कधी विचारलंच नव्हतं. माना वळवलेल्या बायका तिच्याकडे बघत होत्या आणि ती मान खाली घालून पुढं चालत राहिली.

गुरम्मा शेवटच्या बाकावर बसली होती. उर्वीला बघून ती सरकली आणि तिनं जागा दिली.

"बसा, मॅडम."

ते 'बसा' उर्वीला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. "चुकलं माझं, अक्का. मला असं नका म्हणू."

"न्हाई, तुमचं काय चुकलं? तुमची नोकरी हाय." गुरम्माच्या आवाजात राग नव्हता. "माझ्या पाठची होती एक. किल्लारीकडं दिली होती. अक्का म्हणणारी तेवढी एकच. भूकंपात घराखाली गेली, लेकरासकट. तवापासून त्या नावानं कुणी हाक मारली न्हाई. तुम्ही मारली, तर मी येडी लई लांब गेले बघा. तुम्ही तर समद्यांनाच म्हणत असाल."

उर्वी तिच्या शेजारी बसली.

"तुमचं नाव काय?" एवढंच तिनं विचारलं.

"गुरम्मा."

"चला, गुरम्माबाई. उमाला भेटवते."

गुरम्मा तिच्या मागं स्कूटीवर बसली, पण तिच्या खांद्याला धरलं नाही. मागची कडी धरून बसली. उर्वीनं उमाला स्वतः तासावरून उठवून आणलं. मायलेकी जिन्यात बसून बोलल्या. सरांनी दुसऱ्या दिवशी खडसावलं, ते उर्वीनं ऐकून घेतलं.

गुरम्मा नंतरही यायची. डबा एकच असायचा, उमाचा. खिडकीपाशी थांबून ती विचारायची, "मॅडम, जाऊ का वर?" अगदी अदबीनं. उर्वी म्हणायची, "जा ना."

पुढच्या जूनमध्ये पुन्हा पालकांची रीघ लागली. एक बाई मुलाचा हात धरून दारात घोटाळत उभी राहिली. सर काचेमागून बघत होते. उर्वीच्या जिभेवर ताई आलं, तिनं ते गिळलं.

"नमस्कार," ती म्हणाली. "नाव काय आपलं?"

बाई बिचकली. आपलं काही चुकलं की काय, असं तिला वाटलं असावं. ती मुलाला घेऊन पायऱ्या उतरली आणि समोरच्या क्लासमधून कुणीतरी हाक मारली, "या ताई, या!" तशी ती तिकडं गेली. उर्वी तिला जाताना बघत बसली. तिला मागं वळून बघायचा धीर होत नव्हता. काचेमागं सर अजून उभे होते.