पाटीचा दिवस आणि किल्ल्यांचा दिवस

दुकानाचा वाढदिवस पंधरा ऑक्टोबर. फ्रेमच्या त्या दुकानात सहा वर्षं हे असंच चालत आलं होतं. त्या दिवशी ताई काउंटर पुसून त्यावर कोरा कागद अंथरायची, धाकटा काहीतरी गोड आणायचा, आणि जे गिऱ्हाईक येईल त्याच्या हातावर ते ठेवून दोघं त्याला सांगायची, की आज पाटी लागली. त्यामुळे जागेचा भाडेकरार कधी संपतो असं कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी धाकट्यानं पंधराच सांगितली असती. आत्ताही तेच सांगून तो निर्धास्त होता.

निर्धास्त म्हणजे तितकासा नाही. जुन्या चित्रांच्या चौकटी दुरुस्त करणाऱ्या एका संग्रहालयाच्या कार्यशाळेनं त्याला बोलावलं होतं. गाव दूर. या शनिवारी जाऊन जागा पाहायची, पुढच्या गुरुवारी हो किंवा नाही कळवायचं. भाडेकरार दोघांच्या नावावर होता, तीन-तीन वर्षांचा. वेळेवर नोटीस दिली नाही तर आपोआप पुढची तीन वर्षं, आणि मध्येच बाहेर पडायची सोय नाही. मागच्या खेपेला तो असाच पुढे गेला होता. कुणाला पत्ताही लागला नव्हता, कारण तेव्हा कुणाला कुठे जायचंच नव्हतं.

धाकट्याचा हिशोब सरळ होता. पंधरा ऑक्टोबरच्या एक महिना आधी पंधरा सप्टेंबर. तो रविवार, म्हणून शुक्रवारी तेराला नोटीस देऊ. गुरुवारी काय ते ठरेलच. "सगळं बसतंय बघ ताई," असं म्हणून त्यानं तो हिशोब स्वतःच्या मनातून आणि तिच्याही मनातून काढून टाकला होता.

ताईच्या मनातून मात्र कुठलाच हिशोब सहजासहजी निघत नसे. ती त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर त्याच्या शाळेच्या डब्यापासून ते पहिल्या दाढीच्या ब्लेडपर्यंत सगळं तिनंच पाहिलं होतं, आणि त्या सगळ्याची नोंद तिच्या डोक्यात होती. कधी वसूल करायची नव्हती, पण होती. गुरुवारी संध्याकाळी गिऱ्हाइकांची वर्दळ ओसरल्यावर तिनं करार काढला. उत्सुकता म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं.

पहिल्याच पानावर तिचं बोट थांबलं. मुदत दहा ऑक्टोबरपासून. पंधराला पाटी लागली खरी, पण किल्ल्या हातात आल्या होत्या दहाला. मधले पाच दिवस दोघांनी भिंती खरवडल्या, रंग दिला, चौकटींच्या नमुन्याचे कोपरे ठोकायला फळी बसवली. करार किल्ल्यांचा होता, आणि वाढदिवस पाटीचा. ज्या घरात वाढदिवस इतक्या हौसेनं साजरा होतो, त्याच घरात अशी चूक होणार.

पुढचं तिनं सावकाश केलं. दहाला सुरू, म्हणजे तीन वर्षांचा शेवटचा दिवस नऊ ऑक्टोबर. दहाला नवी मुदत लागलेली असते. नोटिशीचं कलम तिनं दोनदा वाचलं. मुदत संपण्याआधी तीस पूर्ण दिवस. नोटीस पोचल्याचा दिवस धरायचा नाही, मुदतीचा शेवटचा दिवसही धरायचा नाही. म्हणजे 'एक महिना' हा शब्दच इथे कामाचा नव्हता. नऊ ऑक्टोबर सोडला. आठपासून मागे गेलं की ऑक्टोबरचे आठ दिवस झाले. उरले बावीस, ते सप्टेंबरच्या तिसापासून मागे येत नऊला संपले. नऊ सप्टेंबरही त्या तिसांत गेला, म्हणून नोटीस पोचायला हवी आठला. नुसती टाकलेली नव्हे, पोचलेली. मालकांच्या कार्यालयात, कामाच्या वेळात, दोघांच्या सह्यांनिशी.

तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आठ म्हणजे रविवार. शनिवारी कार्यालय बंद.

म्हणजे उद्या. शुक्रवार, सहा तारीख, संध्याकाळी पाचपर्यंत.

तिनं करार मिटून जागेवर ठेवला, आणि एका आजीबाईंनी दिलेलं नातवाचं चित्र माउंट करायला घेतलं. चित्रात हत्ती होता, किंवा घर होतं. पाती तिरपी धरून तिनं पुठ्ठा कापला आणि आयुष्यात पहिल्यांदा कोपऱ्यावर दोन मिलिमीटर पुढे गेली.

लोक म्हणतात, बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. इथे उलटंच झालं होतं. ती बोलली नाही तर सगळं तिच्या पदरात पडणार होतं. उद्या संध्याकाळी धाकटे राजे गाडीत बसतील, शनिवारी जागा पाहतील, गुरुवारी हो म्हणायचं ठरवतील, तेराला नोटीस घेऊन जातील, आणि कारकून करारावर बोट ठेवील. तीन वर्षं. सही केलेल्या कागदावरून पळून जाणारा तो नव्हता. थोडा हळहळला असता, मग एप्रन बांधून काच पुसायला लागला असता. आणि ताईला कुणी दोष दिला नसता. हिशोब त्याचा, चूक त्याची. तिला खोटं बोलावंही लागणार नव्हतं, नुसतं हत्तीकडे बघत बसायचं होतं.

त्या रात्री तिनं त्याची बॅग भरली. तो म्हणाला, दोन दिवसांना चार शर्ट कशाला. ती म्हणाली, लोकांना वाटू दे की तुझ्याकडे आहेत.

शुक्रवारी सकाळपासून ती त्याच्यावर चिडचिड करत होती. काच नीट पुसली नाहीस, खिळे भलत्या डबीत टाकलेस, चहा गार केलास. धाकट्यानं सगळं ऐकून घेतलं, कारण त्याला वाटलं, मी जाणार म्हणून हिला वाईट वाटतंय. आणि ते खरंही असल्यामुळे ताईला अधिकच राग आला.

जेवण झाल्यावर तो एका लग्नाच्या जुन्या फोटोपाशी बसला. फोटोतल्या बाईच्या चेहऱ्यावरून ओलीची एक रेघ गेली होती. ती रेघ चौकटीच्या कडेखाली लपवता येत नव्हती, म्हणून तो ओल्या कापसाच्या टोकानं ती इतकी हळू टिपत होता, की त्या बाईला गुदगुल्यासुद्धा होऊ नयेत. त्याची गाडी साडेसहाची होती. ताई उभी राहून बघत होती. असलं काम या दुकानात वर्षातून दोनदा यायचं. बाकी सगळे दिवस तो पदव्यांच्या कागदांना काच लावायचा.

तिनं हातातला पुठ्ठा खाली ठेवला.

"राजे, तेरा तारीख चुकीची आहे," ती म्हणाली. "नोटीस आज द्यायला लागेल. पाचच्या आत."

तो आधी हसला. मग तिचा चेहरा बघून थांबला. तिनं करार समोर ठेवला आणि किल्ल्यांचा दिवस दाखवला, शेवटचा दिवस दाखवला, मागे मोजून दाखवलं. रविवारपाशी आल्यावर तो स्वतःच म्हणाला, की शनिवारीही बंद.

"पण मी अजून ठरवलेलंच नाही ताई. जागा पाहिलीच नाही."

"माहितीये. नोटीस दिली आणि तुला ती जागा नाही आवडली, तर परत ये. मालकाच्या हातापाया पडू, ऐकेल किंवा नाही ऐकणार. पण नोटीस नाही दिली तर तुला ठरवायला काही उरतच नाही."

"तुला कधी कळलं हे?"

ताईनं खोटं सांगायचा विचार केला, पण तो हिशोबात बसला नाही. "काल संध्याकाळी."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. अकरा वर्षांनी मोठ्या माणसाकडे लहान माणूस जसं बघतो, तसं नाही. समोरच्यानं काय हातातून सोडलंय याचा अंदाज घेत बघतात, तसं.

"सोमवारी सांगितलं असतंस तरी मी तुला काही म्हटलं नसतं," तो म्हणाला.

"म्हणूनच आज सांगितलं. तू भांडला असतास तर बरं होतं, मी गप्प बसले असते. सही कर. आणि हात पूस आधी, त्या बाईचा गाल लागलाय बोटाला."

नोटीस चार ओळींची झाली. दोन प्रती, दोघांच्या सह्या. दुकानाला कुलूप लावून दोघं निघाली तेव्हा चार वाजत आले होते. मालकांचं कार्यालय दोन रस्ते सोडून, एका पायऱ्यांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होतं. तिथे एक म्हातारे कारकून बसायचे. ते शिक्का मारण्याआधी त्यावर फुंकर घालायचे, जणू तो चटका देणार आहे.

कारकुनांनी कागद वाचला, करार काढला, बोटांची पेरं मोजली. म्हणाले, इतकी घाई कशाला, आठपर्यंत वेळ होता की.

"आठला तुम्ही कुठे असाल?" ताईनं विचारलं.

त्यांनी कॅलेंडरकडे मान वळवली. "घरी," ते कबूल झाले, आणि दोन्ही प्रतींवर मिळाल्याची तारीख, वेळ आणि सही घालून एक परत दिली.

काम संपलं होतं. धाकटा दाराकडे वळला, पण ताई खुर्चीतून उठली नाही. तिनं विचारलं, की एकटीच्या नावावर, एका वर्षाचा नवा करार मिळेल का, याच दहा ऑक्टोबरपासून. जागा मागची अर्धी नको, नुसती पुढची खोली. कारकून म्हणाले, मालक सोमवारी बघतील, पण सहा वर्षांच्या भाडेकरूला नाही म्हणायची त्यांना सवय नाही. त्यांनी मसुद्याचा एक कोरा कागद पुढे सरकवला.

धाकटा परत येऊन तिच्या शेजारी बसला. दोघांनाही माहीत होतं की हे तिनं आत्ता सुचलं म्हणून विचारलेलं नाही. काल संध्याकाळपासून ते आत शिजत असणार. त्यानं मसुदा स्वतःकडे ओढला आणि नोटिशीचं कलम शोधून काढलं. तेच होतं, तीस पूर्ण दिवस.

"एक वर्ष, दहापासून," तो पुटपुटला. "म्हणजे शेवटचा दिवस पुन्हा नऊ. तो सोडायचा. आठ इकडचे, बावीस तिकडचे..." ताईनं मध्ये तोंड घालायला श्वास घेतला, पण तो थांबला नाही. "आठ सप्टेंबरला पोचायला हवी. यंदा रविवार होता, मधे लीप वर्ष नाही, म्हणजे पुढच्या वर्षी सोमवार. कार्यालय उघडं. पण तू शेवटच्या दिवसाची वाट बघू नकोस. आधीच्या शुक्रवारी देऊन मोकळी हो. मी फोन करीन."

बरोबर होतं. ताईनं मनात दोनदा ताडून पाहिलं, चूक सापडली नाही. दुरुस्त करायला काहीच नसल्यामुळे हातांचं काय करावं हे तिला कळेना. तिनं त्याची कॉलर नीट केली. ती आधीच नीट होती.

"चल," ती म्हणाली, "तुझी गाडी साडेसहाची आहे."